उशीर होणार हे घरी कसं सांगावं: रात्रीच्या जेवणाचा बेत बदलताना

मी पणजीत पाटोला एका हिशेबाच्या कार्यालयात काम करते. घर फोंड्याला आहे. नवरा फोंड्यातच शिक्षक आहे, दुपारी घरी येतो, म्हणून संध्याकाळचं स्वयंपाकघर त्याच्याकडे. घरात सासूबाई आहेत आणि शाळेत जाणारी मुलगी आहे, तिला आम्ही बाय म्हणतो. महिन्यातल्या काही तारखांना मला उशीर होतोच, आणि तो घरी सांगावा लागतो.

नवीन लग्न झालेल्या किंवा नव्याने उशिराच्या नोकरीत शिरलेल्या माझ्या सहकाऱ्यांना मी नेहमी बघते. कामाचं सगळं नीट सांभाळतात, आणि घरी मात्र "आज लेट होईल" एवढंच टाकून मोकळे होतात. मग घरी पोचल्यावर चेहरे का पडलेत ते त्यांना कळत नाही. घरच्या माणसाला उशिराचा राग फार कमी वेळा येतो. ताटावर बसायची वेळ झाली तरी पुढे काय करायचं हे कोणी सांगितलेलं नसतं, राग त्याचा असतो. म्हणून हा लेख सांगण्याबद्दल आहे. तुमच्या घरी स्वयंपाक बायको करत असेल, नवरा करत असेल किंवा दोघं मिळून, पायऱ्या त्याच राहतात.

## आधी हाताशी काय असावं

फार काही लागत नाही. फोनला चार्ज हवा, कारण पाच वाजता बंद पडलेला फोन बाकी सगळ्यावर पाणी फिरवतो. घरी आज काय शिजणार आहे हे सकाळी निघतानाच माहीत हवं. घरी जेवायला साधारण किती वाजता बसतात आणि कोण भुकेला थांबू शकत नाही हेही ठाऊक असावं. आमच्याकडे सासूबाईंना जेवणानंतरची गोळी असते, त्यामुळे त्यांचं ताट नऊच्या पुढे ढकलता येत नाही. आणि फ्रिजच्या दारावर महिन्याचं कॅलेंडर असावं, ते कशासाठी ते शेवटच्या पायरीत सांगते.

## १. वेळ घरी पोचण्याची काढा, कामातून सुटण्याची नव्हे

बहुतेक गोंधळ इथे सुरू होतो. आपल्या डोक्यात "आठला काम आटपेल" असतं, आपण "आठ वाजतील" असं कळवतो, आणि घरचा माणूस आठ म्हणजे दारात आठ असं समजून भात चढवतो.

माझा हिशेब असा असतो. समजा १९ तारीख आहे आणि दुसऱ्या दिवशी जीएसटीचं मासिक विवरणपत्र जीएसटीआर-३बी भरायची शेवटची तारीख. चार वाजता लक्षात येतं की एका व्यापाऱ्याची खरेदीची बिलं जुळत नाहीत. बिलं जुळवायला साडेसात होतील. वरिष्ठ ते बघून देणार, त्याला अर्धा तास धरायचा. म्हणजे आठ. पाटोहून कदंब बसस्थानक चालत जवळच आहे, पण रांग असते, गाडी भरायची असते. पणजी ते फोंडा साधारण तीस किलोमीटर, वाटेत जुनं गोवं, बाणस्तारी, भोम, कुंडई, म्हार्दोळ, फर्मागुडी. गाडीला एक तास धरला आणि पाऊस किंवा भोमच्या रस्त्यावरची खोळंबणारी वाहनं धरली तर सव्वा तास. दार उघडेपर्यंत साडेनऊ.

म्हणून घरी मी साडेनऊच सांगते. नऊला पोचले तर सगळ्यांना बरं वाटतं. साडेआठ सांगून साडेनऊला पोचले तर एक तास कुणीतरी खिडकीकडे बघत बसलेलं असतं. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळीत काम करणाऱ्यांनी कंपनीची बस किती वाजता सुटते तिथून हिशेब धरावा, आणि ती बस चुकली तर पुढे कसं येणार तेही आधी ठरवावं.

हिशेब जमत नसेल तर दोन वेळा द्या. "नवापर्यंत येईन असं वाटतंय, पण साडेनऊच्या पुढे नक्की जाणार नाही." दुसरी वेळ महत्त्वाची, कारण घरातला माणूस तिच्यावर बेत बांधतो.

## २. स्वयंपाक कुठवर आला असेल ते ओळखा

ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि हिच्याबद्दल कोणी बोलत नाही. रात्रीचं जेवण एका क्षणात होत नाही. तुमचा निरोप कुठल्या टप्प्यावर पोचतो यावर तो निरोप मदत ठरतो की त्रास, हे अवलंबून असतं.

आमच्या घरी बांगड्याचं हुमण आणि तळलेले बांगडे असा बेत असला की नवऱ्याची संध्याकाळ साधारण अशी जाते. बाजारातून आणलेले बांगडे दुपारीच साफ करून मीठ-हळद लावून फ्रिजमध्ये ठेवलेले असतात. साडेसहाला तो नारळ खवतो. सातच्या सुमारास खोबरं, भिजवलेल्या मिरच्या, धणे वाटतो. मग हुमण उकळायला ठेवतो, त्यात तिरफळं ठेचून आणि सोलं घालतो. पावणेआठला भात. आठला रवा लावून बांगडे तव्यावर, आणि सोलकढी अगदी शेवटी. सव्वाआठला ताटं.

आता निरोप वेगवेगळ्या वेळी आला तर काय होतं ते बघा.

साडेसहाच्या आधी कळलं, तर सगळं हातात असतं. तो बेतच बदलू शकतो. बांगडे उद्यावर ढकलता येतात, मीठ-हळद लावलेली ताजी मासळी फ्रिजमध्ये एक रात्र नीट राहते. आज सासूबाई आणि बायसाठी मुगाची उसळ आणि पाववाला पोदेर संध्याकाळी देऊन गेलेले उंडे असं हलकं काही चालतं. किंवा हुमण करायचं, आणि तळायचं काम सोडून द्यायचं. निवड त्याची.

सात ते पावणेआठच्या मधे कळलं, तर वाटण झालेलं असतं. तरी बिघडत नाही. वाटण फ्रिजमध्ये सकाळपर्यंत टिकतं, आणि झालेलं हुमण तर दुसऱ्या दिवशी अधिक मुरतं. एवढंच सांगायचं की माझ्या वाटणीचे बांगडे रवा न लावता तसेच ठेव. रवा लावून ठेवलेला तुकडा पाणी सोडतो, रवा चिकट होतो आणि तव्याला धरतो.

आठनंतर कळलं, तर बांगडे तव्यावर असतात. इथे निरोप उशिरा गेला हे मान्य करायचं आणि पुढचं बोलायचं. तळलेला मासा दीड तासाने मऊ पडतो, परत गरम केला तर कोरडा होतो. सोलकढी नारळाच्या दुधाची, गोव्याच्या उकाड्यात ती बाहेर ठेवून चालत नाही, त्यामुळे ज्यांना प्यायची त्यांनी तेव्हाच प्यावी. भातही तासनतास झाकून ओट्यावर ठेवू नये, उरलेला निवला की फ्रिजमध्ये जावा.

काही पदार्थांना अजिबात थांबता येत नाही. तिसऱ्या आणल्या असतील तर त्या त्याच दिवशी शिजवायच्या. फ्रीझरमधून काढून वितळवलेली इसवण परत फ्रीझरमध्ये टाकायची नसते. असा बेत असला की "उद्या करू" हे सुचवणंच चूक, कारण समोरच्याला ते शक्य नसतं आणि तुम्हाला त्याचं काम माहीतच नाही असं त्याला वाटतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा ताजी मासळी कमी आणि महाग. त्या दिवसांत कुणी हौसेने काही मिळवून आणलं असेल तर ते वाया जाऊ नये ही काळजी तुमच्या निरोपात दिसली पाहिजे.

उलट सोमवार असेल, घरी मासळी नसेल आणि खतखतं किंवा मुगागाठी शिजत असेल तर काळजी कमी. हे पदार्थ थांबतात. तरीही आधी कळवायचंच, फक्त निरोप दोन ओळींचा पुरतो.

तुमच्या घरची अशी एक "यानंतर उशीर" वेळ असते. आमची साडेसहा. तुमची कुठली ते एकदा शांतपणे विचारून घ्या: "किती वाजेपर्यंत कळलं तर तुला बेत बदलता येतो?" हा प्रश्न सुट्टीच्या दिवशी विचारावा, उशिराच्या दिवशी नव्हे.

यातून एक नियम निघतो. उशीर होणार याची शंका आली की लगेच सांगा, खात्रीची वाट बघू नका. चार वाजता "आज बिलं जुळत नाहीयेत, उशीर होऊ शकतो, सहापर्यंत नक्की सांगते" असं कळवलं तर घरचा माणूस नारळ खवण्याआधी फोन बघतो. खात्री होईपर्यंत थांबलात तर सात वाजलेले असतात.

## ३. फोन करायचा की मेसेज

रोजचं घरचं जेवण असेल आणि अजून वेळ असेल तर मेसेज बरा. समोरचा वर्गात असेल, बाजारात असेल, सवडीने वाचेल. वाचल्याची खूण दिसली नाही आणि तुमची ती वेळ जवळ आली तर मात्र फोन करा. मेसेज पाठवला म्हणजे कळवलं असं समजू नये.

तीन प्रसंगी सरळ फोनच करावा: बेत बाहेर जेवायला जायचा असेल, पाहुणे येणार असतील, किंवा त्या दिवसाला काही खास अर्थ असेल, म्हणजे वाढदिवस, लग्नाचा दिवस, परीक्षेचा निकाल. अशा वेळी लेखी दोन ओळी थंड वाटतात, आवाजातला जिव्हाळा त्यात येत नाही. फोन जिन्यात किंवा बाहेर जाऊन करा. टेबलावर बसून, एक डोळा संगणकाकडे ठेवून, मागे सहकाऱ्यांचं हसणं ऐकू येत असताना केलेला फोन समोरच्याला लगेच ओळखू येतो.

निरोप तिसऱ्याकडून पाठवू नका. सासूबाईंना फोन करून "त्याला सांगा हं" म्हणणं, किंवा मुलीला "बाबाला सांग" म्हणणं सोपं वाटतं, कारण नाराजी ऐकावी लागत नाही. पण ज्याने बेत केला त्याला ते आईकडून कळतं, आणि मुलीच्या वाट्याला वाईट बातमी सांगायचं काम येतं. आधी जोडीदाराला, मग हवं तर बाकीच्यांना.

## ४. काय बोलायचं आणि कुठल्या क्रमाने

मी नेहमी आधी त्याच्या बेताचं नाव घेते. "आज हुमण करणार होतास ना" या पाच शब्दांतून कळतं की मला आठवण आहे आणि मला यायचं होतं. त्यानंतर अडचण, एका वाक्यात. मग घरी पोचायची वेळ. मग कोणी कधी जेवायचं. मग माझ्या वाट्याचं काय करायचं, आणि त्यात शक्य तितकं काम माझ्याकडे. शेवटी, चुकलेलं एकत्र जेवण कधी होणार.

त्या १९ तारखेचा मेसेज असा होतो:

"अरे, आज बांगड्याचं हुमण ठरलं होतं ते लक्षात आहे, आणि नेमकं आजच अडकले. एकाची बिलं जुळत नाहीत, उद्या भरायची शेवटची तारीख. घरी पोचायला साडेनऊ होतील. आईंना आणि बायला सव्वाआठला वाढ, तूही त्यांच्याबरोबर जेव, भुकेला थांबू नकोस. माझे दोन बांगडे रवा न लावता फ्रिजमध्ये राहू देत, आल्यावर मीच तळते. सोलकढी माझ्यासाठी ठेवू नकोस. उद्या मी वेळेवर आहे, उद्या एकत्र बसू."

मेसेज लांब वाटेल, पण यातलं प्रत्येक वाक्य त्याचा एकेक प्रश्न मिटवतं. कधी येणार, थांबू का, बाकीच्यांना वाढू का, मासळीचं काय करू. हे प्रश्न मिटले नाहीत की तो ते संध्याकाळभर एकेक करून विचारणार, तुम्ही कामात असणार, आणि उत्तरं तुटक जाणार. तुसडेपणा तिथूनच येतो.

आता तेच सांगण्याच्या काही सवयी ज्या टाळाव्यात.

"तुम्ही जेवून घ्या." हे एवढंच पाठवलं तर दार लावून घेतल्यासारखं वाटतं. तेच "तूही त्यांच्याबरोबर जेव, भुकेला थांबू नकोस" असं लिहिलं की त्यात त्याच्या भुकेची काळजी येते. 

"माझं बघेन मी काय ते." लिहिणाऱ्याला वाटतं आपण त्रास कमी करतोय. वाचणाऱ्याला वाटतं, मी दुपारपासून जे करतोय त्याची गरजच नाही. तुम्ही जेवणार आहात की नाही हे स्पष्ट सांगा. कार्यालयात सगळ्यांसाठी काही मागवलं असेल आणि तुम्ही तिथेच खाणार असाल तर तेही खरं सांगा, म्हणजे तुमच्या नावाचा भात शिजत नाही.

"काय करणार, कामच तसं आहे." हे खरं असलं तरी समोरच्याला यात बोलायला जागा उरत नाही. कारण सांगायचं ते नेमकं सांगा. "बिलं जुळत नाहीत" हे कळतं. "फार काम आहे" हे कुणालाच कळत नाही, आणि दर वेळी तेच वापरलं की त्यावरचा विश्वास जातो. तसंच कारणाची लांबलचक कहाणीही नको. वरिष्ठ काय म्हणाले, व्यापाऱ्याने काय घोळ घातला, ते घरी आल्यावर जेवताना सांगता येतं. मेसेजात ते आलं की वाचणारा साडेनऊ हा आकडा शोधत बसतो.

माफीही एकदाच पुरते. पाच वेळा "सॉरी, खरंच सॉरी" लिहिलं की तव्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला आपला हात थांबवून तुमची समजूत काढावी लागते.

वयाने मोठी जोडपी, जिथे बायको "अहो" म्हणते, तिथेही क्रम हाच. "अहो, आज तुम्ही लवकर येणार म्हणून शेवग्याच्या आमटीचा बेत ठरला होता, पण मला इथे नऊ होतील. कुकर लावून भात तेवढा कराल का? आमटी सकाळचीच फ्रिजमध्ये आहे, गरम करून तुम्ही दोघं जेवा." इथे एक विनंती आहे, म्हणून ती प्रश्नाच्या रूपात आली. समोरच्याने करावं असं काही असेल तर विचारा, आणि ते त्याला जमण्याएवढंच असू द्या. स्वयंपाकाची सवय नसलेल्या माणसाला फोनवरून हुमण शिकवायला जाऊ नये.

## ५. उत्तर येईल ते ऐका

बऱ्याचदा उत्तर "बरं" एवढंच येतं. त्यावर "रागावलास का?" असं विचारू नका. तो कदाचित कांदा चिरत असेल. 

कधी "परत?" असं येतं. तेव्हा आपलं म्हणणं सिद्ध करायची घाई करू नये. "हो, या आठवड्यात हे दुसऱ्यांदा. तुला एकट्याला सगळं उरकावं लागतंय ते कळतंय. शनिवारी यावर बोलू" एवढं बोलून थांबा. शनिवार म्हटलं तर शनिवारी विषय तुम्हीच काढायचा.

आणि कधी तो म्हणतो, "मी थांबतो, आपण दोघं एकदम जेवू." हे गोड आहे, पण साडेनऊची खात्री असेल तरच होकार द्या. नसेल तर म्हणावं, "थांबलास तर मला आवडेल, पण नऊला वाटीभर पेज तरी खाऊन घे, मला दहाही वाजू शकतात." उपाशी थांबलेल्या माणसासमोर रात्री दहाला जेवताना कोणालाच घास गोड लागत नाही.

## ६. वेळ पुन्हा सरकली तर

होतं असं. सांगितलेली वेळ उलटून जायची वाट न बघता, चुकणार हे दिसताक्षणी कळवा. साडेनऊ सांगितले होते आणि सव्वाआठला कळलं की अजून पाऊण तासाचं काम आहे, तर सव्वाआठलाच. आणि या वेळी एकच मोठी उडी घ्या: "दहा" म्हणायच्या ऐवजी "साडेदहा" म्हणा. पंधरा-पंधरा मिनिटांनी चार वेळा वेळ पुढे ढकलणं एकदम तासभर ढकलण्यापेक्षा जास्त त्रासाचं असतं, कारण प्रत्येक वेळी घरचा माणूस नव्याने वाट बघायला लागतो.

रात्र इतकी वाढली की परतीच्या बसची खात्री राहणार नाही, तर कशी येणार हेही त्याच मेसेजात लिहा. सहकाऱ्याच्या गाडीने कुठपर्यंत, तिथून पुढे कसं. पावसाळ्यात दुचाकीवरून येणाऱ्याच्या घरी जेवणापेक्षा रस्त्याचीच चिंता जास्त असते.

## ७. निघाल्यावर आणि पोचल्यावर

"निघाले" हा शब्द गाडीत बसल्यावरच पाठवा. संगणक बंद करताना पाठवलेलं "निघाले" आणि प्रत्यक्ष गाडी सुटणं यात सहज अर्धा तास जातो. मी बस सुटली की "बस सुटली" लिहिते आणि फर्मागुडी आली की एक शब्द टाकते. नवरा तेव्हा हुमण मंद आचेवर ठेवतो.

वाटेत काही विकत घेऊन जायचा मोह होतो. घरी जेवण तयार असताना न विचारता बिर्याणीचा डबा घेऊन जाऊ नये. त्याने हुमण-भाताचा अपमान मानला नाही तरी ते उरतं. बायसाठी काही गोड न्यायचं असेल तर वेगळी गोष्ट.

घरात शिरल्यावर कार्यालयाचं काही बोलण्याआधी स्वयंपाकघरात जा. ठेवलेले बांगडे तळायचं म्हणाला होतात ना, ते तळा. फ्रिजमधून काढून पाच-दहा मिनिटं बाहेर ठेवा, सुटलेलं पाणी निथळून टाका, मसाला आणि रवा तेव्हा लावा, तवा नीट तापू द्या. तो जेवलेला असला तरी बहुतेक वेळा समोर येऊन बसतो. तेव्हा आधी त्याची संध्याकाळ कशी गेली ते विचारा. आईंनी गोळी घेतली का, बायचा अभ्यास झाला का. व्यापाऱ्याच्या बिलांची गोष्ट त्यानंतर. आणि आपली भांडी आपण घासून ठेवा. रात्री अकराला त्याला दुसऱ्यांदा मोरीपाशी उभं राहायला लागू नये.

## ८. पाहुणे किंवा बाहेरचा बेत असेल तर

नणंद आणि तिचा नवरा जेवायला येणार आहेत आणि तुम्ही अडकलात, तर पाहुण्यांना फोन तुम्ही करायचा. जोडीदाराला त्यांच्यासमोर तुमच्या वतीने खुलासे करायला लावू नका. आधी त्याच्याशी ठरवा की जेवण ढकलायचं की वेळेवर करायचं, मग पाहुण्यांना: "मी साडेनऊला येते, तुम्ही वेळेवर बसा, जेवणानंतर गप्पांना मी आहेच." गोव्यात बरेच पाहुणे लांबून येतात आणि त्यांना परतायचं असतं. साखळी-डिचोलीकडून आलेल्यांना दहापर्यंत ताटावर ताटकळत ठेवणं बरं नव्हे.

बाहेर जायचा बेत मोडत असेल तर तोच फोन संपण्याआधी दुसरा दिवस ठरवा, आणि जागा राखून ठेवायची असेल तर ते काम तुम्ही करा. "मग बघू कधीतरी" म्हटलं की तो बेत बहुधा पुन्हा होत नाही.

## ९. ज्या तारखा आधीच माहीत असतात

माझ्या कामातला निम्म्याहून जास्त उशीर अचानक येत नाही. टीडीएस भरायची ७ तारीख, जीएसटीआर-१ ची ११, जीएसटीआर-३बी ची २०. शिवाय टीडीएसच्या तिमाही विवरणपत्रांसाठी ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी आणि ३१ मे. या तारखांच्या आदल्या संध्याकाळी मी आठच्या आधी सुटत नाही, हे मला महिन्याच्या एक तारखेलाच माहीत असतं. मग ते त्यालाही एक तारखेलाच माहीत असावं. फ्रिजवरचं कॅलेंडर त्यासाठी. त्या संध्याकाळी लाल खूण, आणि त्या दिवशी मासळी तळायची नाही. आदल्या रात्री केलेली डाळ, किंवा सकाळीच होऊन जाईल अशी भाजी. सुकी सुंगटं घरात असली तर किसमूर दहा मिनिटांत होते आणि सासूबाईंना आवडते.

तुमचं काम वेगळं असेल, तुमच्या तारखाही वेगळ्या असतील. हॉटेलात काम करणाऱ्याला डिसेंबरचे शेवटचे दिवस, कारखान्यातल्याला महिनाअखेर, शिक्षकाला निकालाचा आठवडा. त्या एकदा लिहून काढा आणि दोघांनी मिळून बघा. 

आणि लाल खुणा आठवड्यात तीन-तीन व्हायला लागल्या, तर मेसेज कितीही नीट लिहिले तरी पुरत नाहीत. तेव्हा एकत्र जेवण रात्रीचंच हवं हा आग्रह सोडून बघा. मार्चअखेरीला आम्ही सकाळी लवकर उठून पातळ भाजी आणि पाव घेऊन चौघं एकत्र बसतो, सात वाजता. रात्री ज्याला जेव्हा भूक लागेल तेव्हा तो जेवतो, आणि मी आल्यावर माझं मी वाढून घेते.